डोंगराचा पायथा खणण्यापूर्वी

कर्वेनगर, पुणे

मा. सरपंच व ग्रामपंचायत सदस्य यांस,

आपल्या डोंगराच्या पायथ्याशी खडीची खाण काढण्याची दरखास्त आपल्यासमोर आली असून, ‘तुमच्या घराजवळच्या वेताळ टेकडीवरील जुनी खाण कित्येक वर्षे उभी आहे, दगडही त्याच जातीचा, मग आमचाच डोंगर का ढासळेल?’ असा रास्त प्रश्न आपण मला केला आहे, त्याचे उत्तर यथामती देत आहे.

दोन्हीकडचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा, हे खरे. परंतु वेताळ टेकडीवरील खाणीत घट्ट खडकच उघडा पडलेला आहे, तर आपल्या उतारावर त्या खडकाच्या वर झिजलेल्या दगडमातीचे जाड आवरण साचले असून त्याचा भार पायथ्याने तोलून धरला आहे. शिवाय दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा एक पट्टा आहे. त्यातील कोरडे ढेकूळ बोटांनी फोडावे लागते, आणि तेच पाण्यात भिजवून मळले की साबणासारखे निसटते. वरच्या खडकाच्या भेगांतून मुरलेले पावसाचे पाणी याच पट्ट्यावर अडते, आणि म्हणूनच आपले सर्व झरे डोंगरावर एकाच उंचीवर फुटतात.

पाण्याने मातीचे वजन वाढते एवढेच नव्हे, तर कणांमध्ये शिरलेल्या पाण्याचा दाब त्यांची परस्परांवरील पकडही सैल करतो; त्यामुळे कोरडी असताना 30 अंशांच्या उतारावर जेमतेम तग धरणारी भुसभुशीत माती, पूर्ण भिजून आतले पाणी उताराच्या दिशेने वाहू लागताच सुमारे 16 अंशांच्या उतारावरही सरकू शकते. अशा वेळी तिला थोपवणारा पायथाच खाणीने कापून नेला आणि सुरुंगाच्या हादऱ्यांनी वरच्या भेगा रुंदावून पाण्याला नव्या वाटा मिळाल्या, तर उन्हाळ्यात निर्धोक दिसणारी दरड श्रावणापर्यंत टिकेलच, याची हमी कोणीही देऊ शकणार नाही. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजी सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा उतार कोसळून सुमारे दीडशे माणसे गाडली गेली, हे आपणांस विदित आहेच.

डोंगरमाथ्यावर उताराला आडवी भेग पडणे, झाडे कलणे, झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ होणे अथवा आटणे, ही सरकणीची पूर्वचिन्हे होत; मात्र ती प्रत्येक वेळी पुरेशी आधी दिसतीलच असे नाही, म्हणून त्यांच्या भरवशावर खाण चालवणे योग्य नव्हे.

यास्तव माझी विनंती अशी की, या उतारासाठी ना हरकत दाखला देण्याचा ठराव करू नये, आणि खडीची निकड असल्यास डोंगरापासून दूर, सपाट माळावर, घट्ट खडक वरच लागतो अशा जागेची भूवैज्ञानिक तपासणी प्रथम करून घ्यावी. झऱ्यांच्या वरच्या अंगाला चर खणून पाणी मुरवण्याचे कामही याच उतारावर हाती घेऊ नये. कारण अन्यत्र हितकारक ठरणारे ते पाणी येथे थेट तांबड्या पट्ट्यावर उतरेल.

आपला,
एक भूवैज्ञानिक