चोपन्न कप्प्यांचा हिशेब

अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये ‘बिग सिक्स’ नावाचं एक उभं चाक असतं. माणसापेक्षा उंच, कडेला खुंट्या, वर चामड्याची पट्टी. चाक फिरू लागलं की पट्टी खुंट्यांवर टकटक वाजते, वेग मंदावतो, टकटकीतलं अंतर वाढतं आणि पट्टी एका कप्प्यात अडकून थांबते. कप्प्यांत काचेखाली खऱ्या डॉलरच्या नोटा लावलेल्या असतात. एकाची नोट २४ कप्प्यांत, दोनाची १५, पाचाची ७, दहाची ४, विसाची २, आणि शेवटचे दोन कप्पे जोकर नि कॅसिनोच्या चिन्हाचे. एकूण ५४. तुम्ही ज्या नोटेवर पैसे लावाल ती लागली, तर लावलेल्या डॉलरमागे नोटेवर लिहिलेलं बक्षीस मिळतं, शिवाय लावलेला डॉलर परत. जुगारातल्या जाणत्यांनी या चाकाकडे कायम पाठ फिरवली. कारण त्याचा हिशेब कुणालाही बोटांवर करता येतो, आणि तो फार वाईट निघतो.

तो हिशेब आधी करून टाकू. समजा तुम्ही दर फेरीला एक डॉलर दहाच्या नोटेवर लावला आणि ५४ फेऱ्यांत प्रत्येक कप्पा एकेकदा आला. चार वेळा ११ डॉलर हातात येतील, म्हणजे ४४. लावले ५४. दहा गेले, म्हणजे शेकडा साडेअठरा. विसाच्या नोटेवर २१ दुणे ४२, तोटा शेकडा बावीसच्या वर. नेवाडातल्या नियमानुसार जोकरला एकास चाळीस मिळतात. तिथे ४१ परत आणि तोटा शेकडा चोवीस. शेजारच्या रूलेटच्या टेबलावर, तेही दोन शून्यांच्या अमेरिकन चाकावर, हा तोटा सव्वापाच टक्के असतो. बिग सिक्सवर मुख्यतः उत्साही नवखे आणि वाट चुकलेले पर्यटकच का उभे असतात, ते यावरून कळावं.

२०१७ मध्ये ‘इव्होल्यूशन’ या स्वीडिश कंपनीने हेच चाक स्टुडिओत नेलं. रंगीत दिवे, हसतमुख निवेदिका, चहूबाजूंनी कॅमेरे आणि जगभरातून मोबाईलवर पैसे लावणारे लोक. खेळाचं नाव ‘ड्रीम कॅचर’. पुढे ‘मोनोपॉली लाइव्ह’, ‘क्रेझी टाइम’ वगैरे याच वाटेने आले. चाक खरंखुरं आहे, ते खरंच फिरतं, आणि त्यात लोहचुंबक-बिंबक लपवण्याची कुणाला गरजही नाही. जे लपलंय ते कप्प्यांच्या वाटणीत आहे, आणि वाटणी तर चाकावर उघड दिसते.

ड्रीम कॅचरचेही कप्पे ५४ च. एक हा आकडा २३ कप्प्यांत, दोन १५, पाच ७, दहा ४, वीस २, चाळीस १. उरलेल्या दोन कप्प्यांवर 2x आणि 7x लिहिलेलं असतं. जुन्या चाकाशी ताडून पाहिलं तर गंमत कळते. एकाचा एक कप्पा आणि चिन्हाचा एक कप्पा गेला, त्यांच्या जागी हे दोन गुणक आले. जोकरच्या जागी चाळीस आला. बाकी चाक जसंच्या तसं.

गुणकाचा नियम असा. पट्टी 7x वर थांबली की कुणी जिंकत नाही, कुणी हरतही नाही. लावलेले पैसे जागच्या जागी राहतात, चाक पुन्हा फिरतं, आणि आता जो आकडा येईल त्याचं बक्षीस सातपट. पुन्हा गुणकच आला तर त्याचीही पट चढते. चाळीसवर शंभर रुपये लावले असताना आधी 7x आणि मग चाळीस आला, तर २८ हजार बक्षीस आणि लावलेले शंभर परत. इंस्टाग्रामवर आरडाओरड्यासकट फिरणाऱ्या चित्रफिती अशाच क्षणांच्या असतात.

आता या दोन कप्प्यांची किंमत काढू. दहावर दर फेरीला एक रुपया लावणाऱ्याला साध्या फेऱ्यांतून ५४ मागे ४४ रुपये परत मिळतात, जुन्या चाकासारखेच. शिवाय 2x च्या कप्प्यातून सरासरी एक रुपया पंच्याऐंशी पैसे आणि 7x च्या कप्प्यातून सहा रुपये तीस पैसे येतात. एकूण ५२ रुपये १५ पैसे. म्हणजे शंभराला ९६.५८ परत, तोटा ३.४२. शेकडा साडेअठराचा तोटा दोन कप्प्यांनी साडेतीनवर आणला. याला मी चलाख रचना म्हणेन. कंपनीचा वाटा कमी झाला म्हणून नव्हे, तर उरलेला वाटा कुठे गेला हे आता बोटांवर मोजता येत नाही म्हणून.

जाहिरातींत आणि खेळांची माहिती देणाऱ्या तक्त्यांत या चाकाचा परतावा ९६.५८ टक्के असा ठळकपणे छापलेला सापडतो. आकडा खोटा नाही. पण तो फक्त दहावर लावणाऱ्याचा आहे. त्याच चाकावर, त्याच फेरीत एकवर लावणाऱ्याला शंभराला ९५.३४ मिळतात, दोनवर ९५.५१, पाचवर ९१.२४, वीसवर ९२.७४ आणि चाळीसवर ९०.८१. शेजारीशेजारी बसलेल्या दोघांपैकी चाळीसवाला दहावाल्याच्या जवळपास पावणेतीन पट तोटा सोसतो, आणि दोघांच्याही पडद्यावर तीच निवेदिका तितक्याच आपुलकीने हसते. ‘सगळ्या आकड्यांवर थोडं थोडं लावतो, काहीतरी लागेलच’ म्हणणारा दर फेरीला काहीतरी जिंकतो हे खरं. पण सहाही आकड्यांवर सारखी रक्कम लावली तर सरासरी शंभराला ९३.७० परत येतात. त्याने दहाच्या चांगल्या भावात पाच वाईट भाव मिसळलेले असतात.

दहालाच हा भाव का मिळावा? आकडा गुणिले कप्पे करून बघा. एकचे २३, दोनचे ३०, पाचचे ३५, आणि दहा, वीस, चाळीस या तिघांचे प्रत्येकी ४०. गुणक वाढवतो तो फक्त बक्षीस. तुम्ही लावलेला रुपया जिंकल्यावर एकपटच परत येतो. एकवर खेळणाऱ्याच्या परताव्यात जवळपास निम्मा भाग स्वतःच्याच रुपयाचा असतो, म्हणून 7x आला तरी त्याचं फारसं भलं होत नाही. दहा, वीस नि चाळीस यांना गुणकाचा लाभ जवळपास सारखाच. मात्र लावलेला रुपया परत मिळण्याची संधी दहाला चार कप्प्यांत, विसाला दोन, चाळीसला एकच. दहा आणि चाळीसमधला फरक बहुतेक इथेच पडतो. पाच बिचारा दोन्हीकडून नाडला गेलाय.

पण सरासरी ही लबाड गोष्ट आहे, आणि खरा धडा चाळीसच्या कप्प्यात दडलाय. शंभराला मिळणाऱ्या ९०.८१ रुपयांची फोड केली, तर पहिल्याच फिरकीत चाळीस येण्यातून ७५.९३ येतात. आणि ९.६४ रुपये एकट्या एका घटनेत अडकलेले आहेत: आधी 7x, लगेच पुढे चाळीस. ती घटना ५४ गुणिले ५४, म्हणजे २९१६ फेऱ्यांत सरासरी एकदा घडते. हजार फेऱ्या खेळलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांना ती एकदाही दिसत नाही. त्यांच्यापुरता परतावा ९१ नव्हे, सरासरी ८१ च्या आसपास. त्यांचे ते दहा रुपये गेले त्या एकाच्या चित्रफितीत, आणि ती चित्रफीत बघून आणखी लोक चाळीसवर लावतात. अड्ड्यावर मालक जिंकणाऱ्याकडून नाल काढतो ती सगळ्यांसमोर. इथे कंपनी कुणाच्याच हातातून काही काढून घेत नाही. बक्षीसच आधी कापून ठेवलेलं असतं आणि त्यातला काही भाग कधीतरी कुणालातरी एकगठ्ठा दिला जातो.

कापून ठेवणं म्हणजे काय, ते याच कंपनीच्या २०१८ च्या ‘लाइटनिंग रूलेट’मध्ये स्वच्छ दिसतं. एका शून्याच्या युरोपीय रूलेटमध्ये ३७ कप्पे आणि एका आकड्यावर लावलं तर एकास ३५ मिळतात, तोटा २.७०. लाइटनिंगमध्ये दर फेरीला विजा कडाडतात, एक ते पाच आकडे ‘भाग्यवान’ ठरतात आणि त्यांच्यावर ५० पासून ५०० पटीपर्यंत बक्षीस लागतं. कडकडाट फुकट नाही. साध्या आकड्याचा भाव ३५ वरून २९ वर आणलेला आहे. वीज न पडता मिळणारा परतावा त्यामुळे ३७ ला ३०, म्हणजे ८१ टक्के. उरलेले सोळा टक्के विजेवर अवलंबून. एकूण ९७.१० होतात, म्हणजे साध्या रूलेटहून किंचितच कमी. सरासरी जवळपास तीच, पण साध्या संध्याकाळी खिसा कितीतरी लवकर रिकामा होतो.

२०२० च्या ‘क्रेझी टाइम’मध्ये कारागिरी आणखी पुढे गेली. पुन्हा ५४ कप्पे. त्यांतले ४५ साध्या आकड्यांचे आणि ९ चार वेगवेगळ्या बोनस खेळांचे. एकवर लावणाऱ्याला ९६.०८ टक्के परतावा आणि सर्वांत वाईट, ‘पचिंको’ नावाच्या बोनसवर, ९४.३३. ड्रीम कॅचरसारखी दरी इथे बुजवलेली दिसते. मात्र चारही बोनसवर लावून बसणाऱ्याचे पैसे दर सहापैकी सरासरी पाच फेऱ्यांत सरळ जातात, आणि बोनस लागला तरी तो अनेकदा गेलेलं भरून काढण्याइतका मोठा नसतो.

कुठल्याही अशा चाकाची पारख करायची तर छापलेल्या मोठ्या आकड्याऐवजी दोन गोष्टी शोधाव्यात. एक, तो परतावा नेमक्या कुठल्या कप्प्याचा आहे. नियमांच्या पानावर कप्पागणिक परतावा दिला नसेल तर सर्वांत चांगला कप्पाच पुढे केलाय असं समजावं. दोन, बोनस नि गुणक बाजूला ठेवले तर हाती काय उरतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कप्पे मोजून स्वतःच काढता येतं. ‘चाळीस बराच वेळ आला नाही, आता येणारच’ हा पडद्यावरच्या जुन्या निकालांच्या पट्टीने सुचवलेला विचार मात्र कुठेच टिकत नाही. शंभर आकडे पडले आणि त्यांत एकदाही चाळीस आला नाही, असं दर सात वेळांपैकी एकदा होतंच.

भारतात ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांचे पैसे फिरवण्यावर बंदी आणली. गोव्यात मांडवीवरच्या जहाजांतले कॅसिनो वेगळ्या, राज्याच्या परवान्याखाली चालतात. चित्रफितींखाली मात्र अजूनही ‘लिंक’ देणारे भेटतात. तिथे पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही.

आणि वेगाचा मुद्दा राहिलाच. मिनिटाला एक फेरी धरू, दर फेरीला पन्नास रुपये. तासाला तीन हजार लावले जातात. साध्या युरोपीय रूलेटवर सरासरी ८१ रुपये जातील, ड्रीम कॅचरच्या दहावर १०३, चाळीसवर २७६. या तासात साठ फेऱ्या झाल्या आणि 7x मग चाळीस ही जोडी त्या तासात दिसण्याची शक्यता शेकडा दोन.