‘फक्त साच्यासाठी करून द्या’ : दीड अंशाचा उतार आणि सरकलेल्या मुदतीचे पत्र

सोमवार, 10 मार्चच्या संध्याकाळी इंग्लंडमधील एका फ्रीलान्स डिझायनरला ग्राहकाचा दोन ओळींचा ईमेल येतो. हातात धरता येईल अशा एका मोजमाप-यंत्राच्या प्लास्टिकच्या पेटीचे कॅड मॉडेल ती तयार करीत आहे. काम दहा दिवसांचे ठरले असून शुक्रवार, 14 मार्च ही मुदत आहे. सहा दिवस संपले आहेत. ग्राहक लिहितो, ‘25 नग थ्रीडी प्रिंटने करण्याऐवजी आता 2000 नग साच्यातून काढायचे ठरले आहे. आकार तोच ठेवून फक्त साच्यासाठी करून द्या. मुदत तीच असेल ना?’

हे उदाहरण कल्पित असले तरी या व्यवसायातील कोणालाही ते ओळखीचे वाटेल. मुदत तीच राहणार नाही, हे डिझायनरला ईमेल वाचताक्षणी कळते. ‘आकार तोच’ असताना काम दुप्पट कसे होते, हे मात्र ग्राहकाला कळत नाही. ते त्याला समजेल अशा भाषेत सांगणे, नवी तारीख देणे आणि त्यावर लेखी संमती मिळवणे, ही तीन कामे एका पत्राने करायची असतात. त्या पत्राची ही उकल.

आकार तोच, पण भूमिती वेगळी

थ्रीडी प्रिंटिंगमध्ये वस्तू थरावर थर चढत तयार होते, त्यामुळे भिंती अगदी सरळ उभ्या असल्या तरी चालते. साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबाने भरले जाते, ते थंड होते आणि मग नग साच्यातून बाहेर ढकलला जातो. भिंत सरळ उभी असेल तर ती बाहेर निघताना पोलादाला घासत येते. नग ओरखडतो किंवा अडकतो. म्हणून भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. त्याला या व्यवसायात ‘ड्राफ्ट’ म्हणतात.

आपल्या उदाहरणातील पेटी 40 मिलीमीटर खोल आहे. दीड अंशाचा उतार दिला तर आतली भिंत तळाशी सुमारे 1.05 मिलीमीटर आत येते, आणि तीही प्रत्येक बाजूने. पेटीतील सर्किट बोर्ड तळापासून 6 मिलीमीटर उंचीवर बसतो. तेथे भिंत सुमारे 0.9 मिलीमीटर आत आलेली असते. मूळ मॉडेलमध्ये बोर्डाच्या दोन्ही बाजूंना केवळ अर्धा मिलीमीटर मोकळी जागा होती. म्हणजे उतार देताच बोर्ड भिंतीत घुसतो. आता पेटी बाहेरून थोडी मोठी करायची की बोर्ड वर उचलायचा, हे ठरवणे आले. आणि बोर्ड उचलला की त्यावरील बटणे व जोडणीची छिद्रे यांच्या जागाही बदलतात.

दुसरी बाब जाडीची. प्रिंटसाठी केलेल्या मॉडेलमध्ये स्क्रूसाठी कोपऱ्यांत 8 मिलीमीटर जाडीचे भरीव ठोकळे आहेत. साच्यात असा जाड भाग उशिरा थंड होतो, आकसताना बाहेरचा पृष्ठभाग आत ओढतो आणि तेथे खळगा दिसतो. म्हणून सर्व भिंती शक्यतो एकाच जाडीच्या, या उदाहरणात अडीच मिलीमीटरच्या, ठेवाव्या लागतात. ठोकळे पोकळ करून त्यांना पातळ पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. त्या पट्ट्यांची जाडीही भिंतीच्या साधारण 50 ते 60 टक्केच, म्हणजे सव्वा ते दीड मिलीमीटर ठेवतात. नाही तर त्यांच्या पाठीमागे पुन्हा खळगा उमटतो.

‘वरून उतार लावा’ का चालत नाही

येथे ग्राहकाचा रास्त प्रश्न असतो : सॉफ्टवेअरमध्ये उताराची आज्ञा असताना ती तयार मॉडेलवर का देता येत नाही?

पॅरामेट्रिक कॅडमध्ये मॉडेल ही पायऱ्यांची साखळी असते. आधी भरीव आकार, मग कडांची गोलाई, मग आत पोकळी, मग छिद्रे व खुंट्या; प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतील एखाद्या पृष्ठभागाला वा कडेला धरून उभी असते. उतार हा पाया असल्याने तो गोलाई आणि पोकळी यांच्या आधी यावा लागतो. पोकळी झाल्यावर केवळ बाहेरच्या पृष्ठभागाला उतार दिला तर आतली भिंत सरळच राहते आणि जाडी वरून खाली बदलत जाते, म्हणजे साच्याला नको तेच घडते. गोलाई झाल्यावर दिला तर आज्ञा पुष्कळदा फसते किंवा कोपरे वेडेवाकडे होतात. उलट, साखळीच्या सुरुवातीला उतार घुसवला की पुढच्या पायऱ्यांनी धरलेल्या कडा नाहीशा होतात आणि त्या एकामागून एक लाल खुणेने त्रुटी दाखवू लागतात. अशा वेळी दुरुस्त करीत बसण्यापेक्षा दोन्ही भाग नव्याने बांधणे कमी वेळाचे आणि अधिक खात्रीचे ठरते. बोर्डाचे मॉडेल, अंतर्गत मांडणी आणि बाह्य रूप एवढेच जुन्या कामातून वाचते.

तारीख कशी काढायची

मुदतीचे पत्र पुष्कळदा फसते ते ‘आणखी दोन आठवडे लागतील’ या वाक्यापाशी. असा आकडा अंदाजपंचे वाटतो आणि त्यावर घासाघीस सुरू होते. त्याऐवजी दिवस कामागणिक मांडावेत. या उदाहरणात दोन्ही भाग नव्याने बांधण्यास चार दिवस. स्क्रूच्या खुंट्या, आधारपट्ट्या व झाकणाचे आकडे यांना दोन दिवस. उतार, जाडी आणि भाग एकमेकांत घुसतात का, यांच्या तपासणीला एक दिवस. फाइली व रेखाचित्रांना एक दिवस, असे आठ दिवस होतात. त्यानंतर साचा बनवणाऱ्याच्या तपासणीला तीन दिवस आणि त्याच्या सूचनांनुसार दुरुस्तीला दोन दिवस. मधले तीन दिवस डिझायनरच्या हातात नाहीत. म्हणून ते वेगळे दाखवावेत आणि त्यांचे शुल्क लावू नये.

तारीख काढण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहावी : जुनी मुदत कशासाठी होती? येथे 20 मार्चला ग्राहक एका खरेदीदाराला नमुना दाखवणार आहे. साच्याचा नग त्या दिवशी हाती असणे शक्य नाही. प्रिंट केलेला असू शकतो. म्हणून पत्रात एक नव्हे, दोन पर्याय द्यायला हवेत.

पत्र

प्रत्यक्ष पत्र इंग्रजीत जाईल. त्याचा मजकूर मराठीत असा :

‘आपला कालचा ईमेल मिळाला. 2000 नगांसाठी साच्याचा निर्णय समजला. या बदलामुळे 14 मार्चपर्यंत साच्यासाठीच्या फाइली देता येणार नाहीत. नव्या तारखा आणि त्यांची कारणे खाली देत आहे.

साच्यातून नग सुटण्यासाठी भिंतींना दीड अंशाचा उतार लागतो. त्यामुळे बोर्डाजवळ प्रत्येक बाजूने सुमारे 0.9 मिलीमीटर जागा कमी होते. सध्या तेथे 0.5 मिलीमीटरच मोकळी आहे. कोपऱ्यांतील भरीव ठोकळेही पोकळ करावे लागतील. हे बदल मॉडेलच्या पायाशी असल्याने दोन्ही भाग नव्याने बांधावे लागतील.

पर्याय एक : प्रिंटचे काम 12 मार्चअखेर थांबवायचे. 13 मार्चला साच्याचे काम सुरू, 24 मार्चला फाइली तपासणीसाठी, 31 मार्चला अंतिम फाइली. मूळ करारापेक्षा आठ दिवस जास्त. 250 पौंड या ठरलेल्या दैनिक दराने 2000 पौंड.

पर्याय दोन : प्रिंटच्या फाइली ठरल्याप्रमाणे 14 मार्चला, म्हणजे 20 तारखेच्या भेटीसाठी नमुना करून घेता येईल. साच्याचे काम 17 मार्चला सुरू, 26 मार्चला तपासणीसाठी, 2 एप्रिलला अंतिम फाइली. दहा दिवस जास्त, 2500 पौंड. माझी शिफारस या पर्यायाची आहे.

दोन्ही तारखांत साचा बनवणाऱ्याचे तीन दिवस धरले आहेत. त्याने अधिक वेळ घेतल्यास अंतिम तारीख तितकीच पुढे जाईल.

आपला एक निर्णय हवा आहे. चार्जिंगचे छिद्र बाजूच्या भिंतीत आहे. ते तसेच ठेवल्यास साच्यात सरकता भाग लागेल व साचा महाग होईल. छिद्र दोन भागांच्या सांध्यावर आणल्यास तो खर्च टळेल, मात्र तेथे सांधा दिसेल.

कृपया बुधवार, 12 मार्चच्या संध्याकाळपर्यंत पर्यायाचा क्रमांक आणि छिद्राबाबतचा निर्णय ईमेलने कळवावा. तोपर्यंत मूळ करारानुसार प्रिंटचे काम सुरू ठेवत आहे.’

पत्रात काय आहे, काय नाही

पत्रात क्षमायाचना नाही आणि ठपकाही नाही. निर्णय ग्राहकाचा आहे, तो त्याच्या व्यवसायासाठी योग्यही असू शकतो. पत्र केवळ त्याचे मोल सांगते. नकार तिसऱ्याच वाक्यात येतो, कारण ग्राहक सर्वप्रथम तेच शोधत असतो. तांत्रिक कारण दोन आकड्यांत आटोपले आहे. 0.9 आणि 0.5 हे आकडे शेजारी ठेवले की अभियंता नसलेल्या माणसालाही अडचण दिसते.

शेवटचे वाक्य साधे दिसले तरी महत्त्वाचे आहे. लेखी बदल होईपर्यंत जुना करारच चालू असतो. उत्तराची वाट पाहत हात बांधून बसलेल्या डिझायनरची 14 तारीखही चुकते, आणि मग ती चूक तिची ठरू शकते.

उत्तर ‘ठीक आहे, करा’ असे आले तर ते पुरेसे मानू नये. कोणता पर्याय ते विचारावे. फोनवर होकार मिळाला तर त्याच दिवशी ईमेलने नोंदवून लेखी दुजोरा मागावा. करारात ‘बदल केवळ लेखी व स्वाक्षरीनेच’ असे कलम असल्यास ते अधिकच गांभीर्याने घ्यावे. 2018 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉक ॲडव्हर्टायझिंग विरुद्ध एमडब्ल्यूबी या खटल्यात असे कलम बंधनकारक ठरवले. लंडनमधील कार्यालयाच्या थकबाकीचे नवे हप्ते तोंडी ठरले होते, असा भाडेकरू कंपनीचा दावा होता. करारात लेखी बदलाचे कलम असल्याने त्या तोंडी ठरावाचा तिला उपयोग झाला नाही.

पत्र पाठवण्याची वेळही पाहावी. बदल सोमवारी कळला, पत्र मंगळवारी गेले; म्हणूनच 20 तारखेचा नमुना वाचवणारा दुसरा पर्याय देता आला. हेच पत्र शुक्रवारी, मुदतीच्या दिवशी गेले असते तर आकडे तेच असूनही ग्राहकाकडे निवडण्यासारखे काहीच उरले नसते.