परतावा कमी का आला?

समजा, 2000 रुपयांचे बूट घेतले. 300 रुपये पॉइंटांतून, 1700 यूपीआयने दिले आणि 100 रुपये कॅशबॅक मिळाला. बूट परत केले की सहसा पॉइंट पॉइंटांच्याच खात्यात जातात, रोख मिळत नाहीत. कॅशबॅक खर्च झाला असेल तर बँकेत 1600च येतात. पैसे बुडाले असं वाटतं, पण हिशेब बरोबर असतो.

खरी मेख मुदतीत आहे. परत आलेल्या पॉइंटांना अनेक ठिकाणी जुनीच मुदत लागते. ती उलटली असेल तर ते वापरता येत नाहीत. म्हणून परताव्याआधी मुदत बघाच. वॉलेटमध्ये स्वतः भरलेल्या पैशांचं तसं नाही: रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्यांना किमान एक वर्षाची मुदत असते आणि ती संपण्याआधीच्या 45 दिवसांत कंपनीने ग्राहकाला सावध करायलाच हवं.