आठवड्याचा कल, तासाची खरेदी

निफ्टीने २७ सप्टेंबर २०२४ रोजी २६,२७७ चा उच्चांक गाठला आणि तिथून घसरण सुरू झाली. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मात्र निर्देशांक २३,३०० च्या आसपास सावरला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात २४,८०० च्या वर गेला. दैनिक आलेख पाहणाऱ्याला ही नवी तेजी वाटली. साप्ताहिक आलेखावर मात्र हे शिखर आधीच्या शिखराच्या बरेच खाली होते. जानेवारीत निफ्टी २३,००० च्याही खाली आला.

अशा चकव्यावर अलेक्झांडर एल्डर या मानसोपचारतज्ज्ञ ट्रेडरने १९८६ मध्ये तीन चाळण्यांची पद्धत मांडली. पहिली चाळणी साप्ताहिक आलेखाची. ती फक्त दिशा ठरवते. दुसरी दैनिक आलेखाची. तिथे मोठ्या कलाच्या उलट आलेली तात्पुरती हालचाल शोधायची. तिसरी त्याहून लहान आलेखाची. ती खरेदीची नेमकी वेळ दाखवते.

समजा, एका शेअरची २० आठवड्यांची सरासरी चढती आहे आणि भाव तिच्या वर आहे. म्हणजे फक्त खरेदीचाच विचार करायचा. दैनिक आलेखावर भाव ५२० वरून पाच दिवसांत ४८४ पर्यंत उतरतो. इथे घाई करायची नाही, कारण घसरण थांबल्याची खूण अजून मिळालेली नाही. तासाच्या आलेखावर प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा खाली संपते आहे. शेवटची ४९२ वर संपली. मग एक कॅन्डल ४९२ च्या वर बंद होते. खरेदी ४९३ ला, स्टॉपलॉस ४८२ ला.

जोखीम शेअरमागे ११ रुपये. एकूण ५,५०० रुपयेच गमावायची तयारी असेल, तर ५०० शेअर घेता येतात. केवळ साप्ताहिक आलेख पाहून स्टॉपलॉस ४४० ला ठेवला असता, तर तेवढ्याच जोखमीत जेमतेम १०३ शेअर आले असते. मात्र जवळचा स्टॉपलॉस किरकोळ चढउतारातही उडू शकतो.

सर्वांत जास्त चुका होतात त्या अर्धवट कॅन्डलमुळे. मंगळवारी हिरवी दिसणारी साप्ताहिक कॅन्डल शुक्रवारी लाल बंद होऊ शकते, म्हणून दिशा मागच्या पूर्ण आठवड्यावरून ठरवायची. तासाच्या आलेखातही खोच आहे: एनएसईचे नियमित व्यवहार ९.१५ ते ३.३० चालतात, त्यामुळे ९.१५ पासून मोजल्यास दिवसाची शेवटची कॅन्डल जेमतेम १५ मिनिटांची असते. तिने पातळी ओलांडली, तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पूर्ण कॅन्डलची वाट पाहणे बरे.

या पद्धतीला उशीर होतोच. एप्रिल २०२५ मध्ये निफ्टी २१,७५० च्या आसपासच्या तळातून वळला आणि त्याच महिन्यात २४,००० च्या पुढे गेला. साप्ताहिक सरासरी चढती होण्याची वाट पाहणाऱ्याच्या हातून त्या उसळीचा मोठा भाग निसटला. डिसेंबरसारख्या फसव्या उसळ्या टाळण्यासाठी त्याने मोजलेली ही किंमत होती.