रात्री दीडचा भंडारा, आकाशातून

अंतराळातून रात्री टिपलेल्या विदर्भाच्या छायाचित्रात नागपूरचा पांढरा गोळा चटकन ओळखू येतो. त्याच्या पूर्वेला साठेक किलोमीटरवर भंडारा आहे. तिथे पोहोचेपर्यंत प्रकाश विरळ होत जातो आणि पुढे तुमसर, लाखनी, साकोली, पवनी असे सुटे ठिपके उरतात. प्रकाश तिथे प्रगती आणि अंधार तिथे मागासलेपण, असा अर्थ यातून सहज काढला जातो. भंडारा जिल्ह्यापुरता तरी हा अर्थ घाईचा ठरतो.

अशी चित्रे आज प्रामुख्याने २०११ मध्ये सोडलेल्या ‘सुओमी एनपीपी’ आणि त्यानंतरच्या ‘नोआ’ मालिकेतील उपग्रहांवरील ‘व्हिअर्स’ या उपकरणातून मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राने २०१२ ते २०२१ या दशकातील भारताच्या रात्रप्रकाशातील बदलांचा नकाशासंग्रह याच उपकरणाच्या माहितीवरून तयार केला. हे उपग्रह आपल्यावरून जातात ते रात्री दीडच्या सुमारास. त्या वेळी भंडाऱ्याची बाजारपेठ बंद झालेली असते आणि घराघरांतील दिवे मालवलेले असतात. चित्रात उमटतात ते रस्त्यांवरचे दिवे, रेल्वे स्थानके आणि रात्रपाळीचे कारखाने. वरठीच्या पोलाद कारखान्याचे आवार रात्रभर उजळलेले असते. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजची खुली खाण आहे. अशा ठिकाणच्या प्रकाशावरून तिथल्या लोकसंख्येचा अंदाज बांधू गेल्यास तो हमखास चुकेल.

दुसरी अडचण चित्राच्या बारकाव्याची आहे. उपकरणाचा एक चौकोन जमिनीवर सुमारे ७५० मीटर लांब-रुंद, म्हणजे साधारण ५५ हेक्टरचा असतो आणि त्यातील सगळ्या प्रकाशाची मिळून एकच नोंद होते. समजा, धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या एका गावात वीस वॅटचे वीस पथदिवे आहेत. त्यांची एकूण शक्ती झाली ४०० वॅट. महामार्गावरील चौकात दोनशे वॅटच्या आठ दिव्यांचा एकच हायमास्ट उभा असेल, तर तो एकटा १६०० वॅटचा, म्हणजे अशा चार गावांइतका. गावाचा क्षीण प्रकाश ५५ हेक्टरच्या नोंदीत जवळपास विरून जातो, चौक मात्र ठळक दिसतो. नागपूर–रायपूर महामार्ग चित्रात ठिपक्यांच्या माळेसारखा भासतो, तोही यामुळेच. माळ गावांची आणि चौकांची असते. मधला रस्ता काळाच राहतो.

त्याहून फसवी गोष्ट शेतीची. वैनगंगेच्या खोऱ्यात उन्हाळी धानाला पाणी देण्यासाठी कृषिपंप चालतात आणि त्यांना थ्री-फेज वीज आळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. रात्रीच्या पाळीत शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर जागा असतो, विहिरीवरची मोटर वीज ओढत असते. पण मोटर उजेड देत नाही! विजेचा मोठा वापर सुरू असलेले शिवार उपग्रहाला निव्वळ अंधारे दिसते. रात्रप्रकाशावरून वीजवापर मोजण्याची पद्धत शहरांत बरीच उपयोगी पडते. धानपट्ट्यात तिच्यावर विसंबता येत नाही.

दोन वर्षांची चित्रे शेजारी ठेवताना आणखी एक खबरदारी हवी. ‘व्हिअर्स’ला निळसर प्रकाश जवळपास दिसत नाही. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा-नारिंगी प्रकाश ते पूर्ण टिपते. पांढऱ्या एलईडीचा निळा भाग मात्र त्याच्या नजरेतून सुटतो. साहजिकच पालिकेने दिवे बदलले की रस्त्यावर उभ्या माणसाला उजेड वाढलेला दिसतो, तर चित्रात तोच रस्ता मंदावलेला दिसू शकतो. अशी घट दिसताच गावाला उतरती कळा लागली असे म्हणण्याआधी पथदिवे केव्हा बदलले हे विचारणे इष्ट.

अंधाराचे काही पट्टे मात्र खरोखरच निर्मनुष्य आहेत. दक्षिणेला गोसीखुर्द धरणाचा विस्तीर्ण जलाशय, मध्ये कोका अभयारण्य आणि पूर्वेला गोंदियाच्या सीमेवर नागझिऱ्याचे जंगल. उन्हाळ्याच्या तोंडावर या काळ्या भागात एखादा तेजस्वी ठिपका अचानक उमटतो. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची रीत आहे आणि तो जाळ कधी कधी जंगलात पसरतो. दिव्याचा ठिपका रोज त्याच जागी असतो. वणव्याचा ठिपका दुसऱ्या रात्री सरकतो वा नाहीसा होतो. शिवाय याच उपकरणाच्या उष्णता टिपणाऱ्या पट्ट्यांत वणवा तापलेला दिसतो, पथदिवा दिसत नाही. वार्षिक चित्र तयार करताना असे क्षणिक ठिपके आणि ढगाळ व चांदण्या रात्री वगळल्या जातात. पावसाळ्यात वापरण्याजोग्या रात्री फारच थोड्या मिळतात, त्यामुळे भंडाऱ्याच्या वार्षिक चित्रात मुख्यतः ऑक्टोबर ते मे या महिन्यांतील रात्रीच असतात.