आजीचा स्वेटर का आटला?

डिसेंबरातला रविवार, नाशिकची थंडी. 10 वर्षांच्या ओंकारने आईला मदत म्हणून दोन स्वेटर मशिनमध्ये टाकले, पावडर ओतली आणि बटण 60 अंशांवर फिरवलं. शाळेचा स्वेटर गेला तसाच बाहेर आला. आजीने विणलेला, त्याचा लाडका निळा स्वेटर मात्र धाकट्या बहिणीच्याही अंगात शिरेना. हाताला तो जाड आणि घट्ट लागत होता.

"दोन्ही एकत्रच धुतले ना? मग हाच का आटला?"

आईने रागावण्याऐवजी स्वतःचा एक लांब केस उपटून त्याच्या हातात दिला. "चिमटीत धर आणि लांबीच्या दिशेने बोटं मागेपुढे चोळ." केस एकाच बाजूला सरकू लागला, मुळाकडचं टोक पुढे करून.

"केसावर बारीक खवले असतात," आई म्हणाली, "सगळ्यांची टोकं शेंड्याकडे. म्हणून तो मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलटा अडतो. कुसळ कपड्यात शिरतं पण मागे येत नाही, तसं. लोकर म्हणजे मेंढीचे केसच. तुझा शाळेचा स्वेटर ॲक्रिलिकचा आहे. तो धागा कारखान्यातला, त्याला असे खवले नाहीत."

"मग पावसात भिजून मेंढी का नाही आटत?"

प्रश्न बिनतोड होता. मेंढीच्या अंगावर केसांची मुळं कातडीत घट्ट असतात आणि सगळे एकाच दिशेने वाढतात. सूत कातताना तेच केस उलटसुलट मिसळतात. गरम पाण्यात ते फुगून लवचिक होतात, पावडरीतला क्षार खवले उचलतो आणि मशिन कपडे आपटत राहतं. प्रत्येक आपटीला केस थोडे पुढे सरकून एकमेकांत अडकतात. खरा घात या घुसळणीचा. नुसत्या गरम पाण्यात भिजवून इतकं नुकसान होत नाही.

काश्मीरचे नमदे मुद्दाम असेच बनवतात: लोकरीचे थर पसरायचे, साबणाचं पाणी शिंपडायचं, गुंडाळून दाबत राहायचं. विणकाम नाहीच.

ओंकारने स्वेटर ओढून पाहिला. आईने तो उजेडात धरला. टाके वेगळे दिसत असते, तर कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर घालून अर्धा तास भिजवून, हलक्या हाताने ताणून थोडाफार सैल करता आला असता. इथे टाकेच दिसत नव्हते. केस इतके गुंतल्यावर ते सुटत नाहीत.

"पुढच्या वेळी गार पाणी, सौम्य साबण, आणि पिळायचा नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायचा, आडवा वाळवायचा," आई म्हणाली आणि कात्री घेऊन बाही कापली. एकही टाका उसवला नाही. आता त्यातून गरम भांडी उतरवायच्या चिंध्या होतील, असं तिने जाहीर केल्यावर ओंकार पहिल्यांदा रडला.