अठ्ठेचाळीस पानं आणि दोन मिनिटं

पुण्याजवळच्या एका कारखान्यातली तरुण इंजिनिअर परवा जाड फाइल घेऊन माझ्याकडे आली. एकेकाळी ती माझ्या हाताखाली शिकाऊ म्हणून होती. कारखान्यात दाबाखालची हवा तयार करायला किती वीज जाते आणि त्यातली किती वाया जाते, याचं ऑडिट तिने तीन महिने खपून केलं होतं. रिपोर्ट ४८ पानांचा. आता एमडींच्या सेक्रेटरीचा निरोप आला होता, की साहेब मंगळवारी एका मीटिंगमधून उठून गाडीत बसेपर्यंत दोन मिनिटं देतील. फाइल आणू नका, तोंडी सांगा.

“सर, दोन मिनिटांत काय काय सांगू?”

म्हटलं, आधी सांगून तर दाखव. मोबाइलवर घड्याळ लावलं. “साहेब, मार्च महिन्यात आपण ऑडिटचं काम हाती घेतलं. त्याचा उद्देश असा होता की...” दोन मिनिटं झाली तेव्हा ती मोजमापाच्या पद्धतीपर्यंत पोचली होती, म्हणजे पान ९.

तिचं तसं चुकलं नव्हतं. रिपोर्टचा क्रमच तो आहे. उद्देश, पद्धत, निरीक्षणं, हिशेब आणि शेवटी शिफारस. हा क्रम तपासणाऱ्यासाठी असतो. त्याला मागचं पान उलटता येतं, आकडा पुन्हा पाहता येतो, मधलं सोडून शेवटाला जाता येतं. ऐकणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. शब्द कानावरून गेला की गेला. त्यामुळे रिपोर्ट आखडून त्याचं भाषण होत नाही. ४८ पानांची पाच पानं केली आणि ती भरभर वाचली, तर ऐकणाऱ्याच्या हाती पाच पानांचा गोंधळ लागतो.

मी तिला एकच प्रश्न विचारला: हवेच्या बाबतीत साहेबांच्या टेबलावर सध्या काय पडून आहे? ती जरा थांबली आणि म्हणाली, “नव्या कॉम्प्रेसरची पीओ. अडतीस लाखांची. दुपारच्या पाळीत हवेचा दाब पडतो, म्हणून प्रॉडक्शनवाल्यांनी मागितलाय.” आणि तुझा रिपोर्ट त्याबद्दल काय म्हणतो? तिने पान ३१ उघडलं. तिथे, खालून दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: “सद्यस्थितीत अतिरिक्त कॉम्प्रेसर खरेदी करण्याची तातडीची आवश्यकता असल्याचे दिसून येत नाही.”

बातमी ही होती. साहेब सही करायच्या बेतात आहेत आणि रिपोर्ट सांगतोय, करू नका. बाकीची ४७ पानं या एका वाक्याच्या पाठीशी उभी राहण्यासाठी आहेत.

ते वाक्य मोठ्याने वाचून पाहा. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. लिहिलेलं वाचताना डोळा पुढे धावतो, त्यामुळे बिघडत नाही. ऐकताना मात्र “खरेदी करण्याची तातडीची आवश्यकता असल्याचे दिसून” इथपर्यंत कानाला ‘घ्या’ असंच वाटत राहतं. त्याच क्षणी साहेबांचा फोन वाजला तर ‘येत नाही’ हवेतच विरणार. तोंडी सांगताना हे वाक्य चार शब्दांचं हवं: कॉम्प्रेसर आत्ता घेऊ नका. लांब वाक्य मराठी कानाला फार वेळ टांगून ठेवतं. म्हणून ब्रीफिंगमधलं वाक्य आठ-दहा शब्दांपुढे गेलं की मी ते तोडायला सांगतो.

थोडक्यात सांगा हा वरिष्ठांचा तगादा जुनाच आहे. ९ ऑगस्ट १९४० रोजी, युद्ध ऐन भरात असताना, चर्चिल यांनी आपल्या मंत्रिमंडळासाठी एक पानी टिपण काढलं होतं. रिपोर्ट छोटे लिहा, किचकट तपशील आणि आकडेवारी परिशिष्टात टाका, असं त्यात होतं. आणखीही एक सूचना होती, तिची आठवण फार कुणी काढत नाही. पुष्कळदा पूर्ण रिपोर्टऐवजी नुसत्या मथळ्यांचं टाचण द्यावं आणि गरज पडेल तिथे तोंडी खुलासा करावा.

आता आकडे. तिच्या रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात छापलेला आकडा होता १७,८२,००० रुपये. कॉम्प्रेसर ११० किलोवॉटचा. गळती तीस टक्के, म्हणजे ३३ किलोवॉट. वर्षाचे सहा हजार तास आणि युनिटमागे नऊ रुपये. गुणाकार बरोबर होता. पण हा झाला गळतीचा खर्च. त्यातली सगळी गळती थांबत नाही. इतक्या जुन्या पाइपलाइनवर ती दहा टक्क्यांवर आली तरी पुष्कळ, असं तिचंच मत होतं. म्हणजे वाचणार २२ किलोवॉट, वर्षाला सुमारे बारा लाख. साहेबांनी ‘अठरा लाख’ ऐकलं असतं तर तेच बचत म्हणून डोक्यात बसलं असतं, पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये त्यांनी तेच सांगितलं असतं आणि वर्षाअखेरीला सहा लाखांचा जाब हिला द्यावा लागला असता. तोंडी आकडा फिरत राहतो आणि त्याच्याबरोबर तळटीप फिरत नाही. म्हणून जो आकडा उद्या आपल्या अंगावर आला तरी चालेल, तोच बोलावा आणि तोही गोळाबेरीज करून.

तीस टक्के हा आकडाही मी काढायला लावला. तो आला कुठून? तर रविवारी कारखाना बंद असताना तिने कॉम्प्रेसर चालू ठेवला आणि घड्याळ घेऊन बसली. एकही मशीन हवा घेत नव्हतं, तरी दाब टिकवायला कॉम्प्रेसर दहा मिनिटांतली तीन मिनिटं हवा भरत होता. हे असं सांगितलं की कुणालाही दिसतं. टक्केवारी ऐकून विसरायला होते, बंद कारखान्यात चालणारा कॉम्प्रेसर सहसा विसरत नाही.

एवढं जमल्यावर तिने उत्साहाच्या भरात एक गोष्ट कापली, ती मात्र मी परत घालायला लावली. रविवारच्या चाचणीत पेंट शॉपची लाइन वेगळी बंद करता आली नव्हती, कारण तिथे व्हॉल्व्हच नव्हता. तिथे एखादं उपकरण हवा घेत असेल, तर तीही गळतीत धरली गेली असणार. “दोन मिनिटांत हे कशाला, सर? केस कमजोर होते.”

मी तिला कोलंबिया यानाची गोष्ट सांगितली. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या टाकीचा फोमचा तुकडा निखळून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच बोइंगच्या इंजिनिअरांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे आपलं विश्लेषण मांडलं. त्यातल्या एका स्लाइडच्या मथळ्यावरून सगळं ठीक असल्याचा भास होत होता. जुन्या चाचण्यांतले तुकडे तीन घन इंचांचे होते आणि या खेपेचा अंदाज १,९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट. हे त्याच स्लाइडच्या तळाशी बारीक ओळींत दडलेलं होतं. १ फेब्रुवारीला यान परतताना तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही जण गेले. अपघात स्लाइडमुळे झाला नाही, फोममुळे झाला. पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडची चिरफाड छापली. निर्णय बदलू शकेल अशी शंका कितीही घाई असली तरी गाळायची नाही, आणि तळाशी तर मुळीच ठेवायची नाही. बाकीच्या बारीकसारीक शंका परिशिष्टात राहू द्याव्यात. पेंट शॉप पहिल्या प्रकारात मोडत होतं.

अखेरीस कागदावर उतरलं ते असं:

“साहेब, नव्या कॉम्प्रेसरच्या पीओवर तीन महिने सही करू नका, एवढंच सांगायला आले आहे. आपल्याला हवा कमी पडत नाही, ती गळते आहे. रविवारी कारखाना बंद होता. एकही मशीन चालू नव्हतं. तरी कॉम्प्रेसर दहा मिनिटांतली तीन मिनिटं हवा भरत होता. गळती मुख्यतः दोन ठिकाणी आहे, जुन्या होजच्या जोडांवर आणि असेंब्लीच्या कपलिंगवर. दुरुस्तीला तीन लाख आणि सहा आठवडे लागतील. त्यातून वर्षाला साधारण बारा लाखांची वीज वाचेल आणि दुपारी पडणारा दाबही सावरेल असा अंदाज आहे. एका गोष्टीची खात्री नाही. पेंट शॉप वेगळं मोजता आलं नाही. त्यामुळे बाराचे नऊ होऊ शकतात, पण नऊ झाले तरी सल्ला हाच राहील. पुढच्या वर्षी नवी लाइन आली तर कॉम्प्रेसर लागेलही, म्हणून ऑर्डर रद्द करा असं म्हणत नाही. मला दोन गोष्टी हव्यात, तीन लाखांची मंजुरी आणि पेंट शॉपला व्हॉल्व्ह बसवायला एक रविवार.”

हे शांतपणे बोलायला सव्वा मिनिटाच्या आसपास लागतं. मराठीत मी मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरतो, म्हणजे दोन मिनिटांत आणखी पुष्कळ मावलं असतं. पण उरलेला वेळ साहेबांचा असतो. वरिष्ठ माणूस मध्ये बोलतोच, आणि तो बोलला तर ब्रीफिंग नीट चाललंय असं समजावं. म्हणून पहिली दोन वाक्यं अशी ठेवली, की तिथेच तोडलं तरी काम व्हावं. पुढच्या प्रश्नांसाठी तिने पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठीवर चारच ओळी लिहिल्या: बारा लाख – पान २६, चाचणी – पान १४, दुरुस्तीचा अंदाज – पान ३८, नवी लाइन – प्रॉडक्शनला विचारावं लागेल. शेवटची ओळ महत्त्वाची, कारण जे माहीत नाही त्याचं उत्तर तिथल्या तिथे रचण्याचा मोह फार होतो.

मग मी तिला कारखान्याचं काहीही न कळणाऱ्या माझ्या बायकोसमोर हे बोलायला लावलं. झाल्यावर बायकोला विचारलं, काय कळलं? ती म्हणाली, “मशीन घेऊ नका, आधी पाइप नीट करा. पण पेंटचं काहीतरी बघायचं राहिलंय.” यापेक्षा चांगली तपासणी मला ठाऊक नाही. ऐकणाऱ्याने ‘छान बोललीस’ म्हटलं असतं, तर आम्ही पुन्हा लिहायला बसलो असतो.

मंगळवारी लिफ्टपासून गाडीपर्यंतच्या वाटेत साहेबांनी तिला चौथ्या वाक्यालाच तोडलं. “रविवारी? सगळं बंद असताना?” पुढचं सगळं प्रश्नोत्तरांतच झालं. चिठ्ठीतली पहिली आणि शेवटची ओळ लागली. पेंट शॉपचं कुणी विचारलं नाही, तरी गाडीचं दार लावता लावता तिने ते सांगितलं. तीन लाख त्याच संध्याकाळी मंजूर झाले.

पुढच्या रविवारी व्हॉल्व्ह बसवून पुन्हा चाचणी झाली. कॉम्प्रेसर दहातली अडीच मिनिटं चालला, म्हणजे बारा लाखांचे नऊच निघाले. पीओवर अजून सही झालेली नाही.